रेट चांगला मिळूनही ब्रॉयलरच्या बॅचमध्ये पैसे का उरत नाहीत? सोप्या तपासणीपासून अवघडापर्यंत

हा लेख स्वतः पिल्लं, खाद्य, औषध विकत घेऊन ओपन बॅच करणाऱ्यांसाठी आहे. कंपनीच्या करारावर पक्षी वाढवत असाल तर पिल्लाचा आणि खाद्याचा दर तुमच्या हातात नसतो, तुमचा हिशोब वाढवणुकीच्या मोबदल्यावर चालतो. तरी मरतूक, खाद्याची नासाडी आणि वजनकाटा हे भाग तुम्हालाही लागू पडतील.

आमच्या भागातल्या शेडवाल्यांच्या बॅचचे हिशोब मी बरीच वर्षं बसून काढतो. एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते, आणि तिची लक्षणं ठरलेली असतात:

- व्यापाऱ्याने रेट बरा दिला, पक्षीही दिसायला चांगले होते, पण सगळी बिलं भागवल्यावर हातात काहीच राहिलं नाही.
- शेजारच्या शेडची पिल्लं त्याच हॅचरीची, खाद्य तेच, तरी त्याला पैसे उरले.
- टाकलेले पक्षी, मेलेले पक्षी आणि विकलेले पक्षी यांची बेरीज-वजाबाकी जुळत नाही.
- "औषधांनीच खाल्लं" असं वाटतं, म्हणून पुढच्या बॅचला लसच टाळली जाते.
- एका बॅचला तोटा आणि पुढच्याला अचानक भरपूर नफा दिसतो, कारण काय ते कोणालाच सांगता येत नाही.

यातलं एक लक्षण जरी असलं तरी शेडमध्ये काही बदलू नका. खाद्याची कंपनी, हॅचरी, औषध तसंच राहू द्या. आधी खालच्या तपासण्या क्रमाने करा. पहिल्या दोन-तीन फुकट आहेत, आणि माझ्याकडे येणाऱ्या हिशोबांत बरीच गळती तिथेच सापडते.

समजायला सोपं जावं म्हणून एकच बॅच शेवटपर्यंत घेतो. एप्रिलची बॅच आहे. आकडे गोल केलेत, तुम्ही तुमचे दर टाका.

३,००० पिल्लांचे पैसे दिले, ४० रुपयांनी १,२०,००० रुपये. शेकडा दोन फुकट, म्हणजे शेडमध्ये पडली ३,०६०. खाद्याच्या २१६ बॅगांचं बिल, सरासरी २,०५० रुपये बॅग (५० किलो, म्हणजे ४१ रुपये किलो), एकूण ४,४२,८०० रुपये. औषध आणि लस १५,०००. तूस, कोळसा, वीज, मजुरी मिळून २७,०००. सगळा खर्च ६,०४,८०० रुपये. मेलेले पक्षी १५०. विकले २,८८० पक्षी, वजन ६,१९२ किलो, म्हणजे सरासरी २ किलो १५० ग्रॅम. रेट ९८. आले ६,०६,८१६ रुपये.

उरले २,०१६. वही माझ्यासमोर ठेवून तो शेडवाला म्हणाला, "दादा, त्रेचाळीस दिवस रात्री उठून पडदे केले, आणि दोन हजार?"

## पहिली तपासणी: खाद्याच्या किती बॅगा खरंच संपल्या

ही सगळ्यात सोपी आहे. गोदामात जा आणि भरलेल्या बॅगा मोजा. शेडवाल्यांच्या हिशोबात खाद्याचा खर्च बहुतेक वेळा दुकानदाराच्या बिलावरून येतो. पण बिल सांगतं किती आणलं, खाल्लं किती ते सांगत नाही. खरा आकडा असा काढायचा: बॅच सुरू होताना शिल्लक असलेल्या बॅगा, अधिक आणलेल्या, वजा शेवटी उरलेल्या.

या बॅचमध्ये फिनिशरच्या ९ बॅगा कोपऱ्यात उरल्या होत्या आणि त्या पुढच्या बॅचला वापरणार होते. त्यांचे १८,४५० रुपये या बॅचच्या नावावर खर्ची पडलेले. पुढच्या बॅचला हेच खाद्य फुकट मिळाल्यासारखं दिसलं असतं आणि तिथे खोटा नफा आला असता. एक बॅच तोट्यात आणि पुढची फायद्यात हे लक्षण दिसलं की मी आधी इथेच बघतो.

त्याच वेळी न उघडलेल्या आठ-दहा बॅगा काट्यावर टाका. रिकाम्या पोत्याचं वजन वजा करा. एखादी बॅग थोडी इकडेतिकडे असेल तर सोडून द्या. पण सगळ्याच कमी भरत असतील तर दुकानदाराला तिथल्या तिथे दाखवा. बॅगेमागे अर्धा किलो कमी असलं तरी २१६ बॅगांत १०८ किलो होतात, म्हणजे साधारण ४,४०० रुपये.

मग जमेची बाजू पाहा. कोंबडखत आणि रिकामी पोती विकून या घरात ९,००० रुपये आले होते, ते किराण्यात गेले आणि वहीत आलेच नाहीत. घरात खर्च करायला काही हरकत नाही, पण बॅचच्या जमेला ते लिहिले पाहिजेत.

एवढं केल्यावर २,०१६ चे २९,४६६ झाले. शेडमध्ये काहीही न बदलता. पण हे नवे पैसे नव्हेत, आधीच होते ते सापडले. खरी गळती इथून पुढे सुरू होते, आणि ती शोधायला खरे आकडे हाताशी हवेत म्हणून ही तपासणी आधी करायची.

## दुसरी: पक्ष्यांचा मेळ

३,०६० टाकले, १५० मेले, राहायला हवेत २,९१०. विकले २,८८०. तीस पक्षी गेले कुठे?

याची चार कारणं संभवतात. पिल्लांच्या खोक्यांत कमी आली असतील. मेलेली काही पिल्लं लिहायची राहिली असतील, विशेषतः पहिल्या आठवड्यात, तेव्हा ती तुसात दबलेली असतात आणि दोन दिवसांनी सापडतात. पक्षी घरी खाल्ले किंवा दिले असतील. किंवा गाडी भरताना क्रेटमधली मोजणी चुकली असेल.

यातल्या शेवटच्या कारणाने पैसे जात नाहीत, कारण विक्री वजनावर होते. क्रेटमध्ये १२ ऐवजी १३ पक्षी गेले तरी त्या तेराव्याचं वजन काट्यावर आलेलंच असतं. फक्त तुमचं सरासरी वजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतं. बाकीच्या तीन कारणांत मात्र पैसे जातात.

इथे विचारल्यावर १२ पक्षी जत्रेला आणि पाहुण्यांना गेल्याचं निघालं. ते घरच्या खात्यावर टाकले. उरलेल्या अठरांचा पत्ता लागला नाही, कारण पिल्लं उतरवताना खोकी मोजली नव्हती. पुढच्या वेळी दहा खोकी उघडून पिल्लं मोजा, आणि उतरवतानाच मेलेली निघाली तर गाडी उभी असतानाच चलनावर लिहून घ्या. नंतर फोन करून काही उपयोग होत नाही.

## तिसरी: वजनकाटा आणि पावती

इथे थोडा वेळ घालवा. त्रेचाळीस दिवसांची कमाई त्या तासा-दोन तासांत काट्यावरून जाते, तेही बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे, टॉर्चच्या उजेडात, घाईत.

वजनाची पावती काढा आणि आकडे नुसते बघा. या बॅचच्या पावतीवर २४० वजनं होती, प्रत्येक क्रेटचं वेगळं. आणि सगळेच आकडे पूर्ण किलोत: २६, २५, २७, २६. एकाही आकड्यापुढे ग्रॅम नव्हते. इलेक्ट्रॉनिक काटा कधीच ओळीने २४० वेळा पूर्ण किलो दाखवत नाही. म्हणजे वरचे ग्रॅम प्रत्येक वेळी सोडून दिलेले. कधी शंभर ग्रॅम सुटतात, कधी नऊशे, सरासरी अर्धा किलो धरा. २४० क्रेटचे १२० किलो झाले. ९८ च्या रेटने ११,७६० रुपये.

उपाय साधा आहे. सौदा ठरवतानाच, म्हणजे गाडी यायच्या आधी, फोनवर सांगायचं की वजन ग्रॅमसकट धरणार. किंवा एका वेळी पाच क्रेट काट्यावर ठेवायचे. मग वजनं ४८ होतात आणि ग्रॅम सोडले तरी २४ किलोच्या आसपासच जातं. प्रत्येक आकडा घरच्या माणसाने स्वतःच्या वहीत लिहायचा, व्यापाऱ्याच्या पावतीवरून नंतर उतरवायचा नाही.

रिकाम्या क्रेटचं वजनही असंच. विष्ठेने माखलेला, सगळ्यांत जड क्रेट उचलून त्याचं वजन सगळ्यांना लावलं जातं. क्रेटमागे ३०० ग्रॅमचा फरक धरला तर २४० क्रेटमध्ये ७२ किलो. गाडीतले आलटून पालटून दहा-वीस रिकामे क्रेट एकत्र तोला आणि सरासरी काढा.

काटा बरोबर आहे का हे बघायला घरी २० किलोचं प्रमाणित लोखंडी वजन ठेवा. आधी मोकळ्या काट्यावर, मग भरलेल्या क्रेटसोबत ठेवून बघा, दोन्ही वेळा २० किलोच वाढलं पाहिजे. व्यापारी काट्यावर वैधमापन खात्याचा पडताळणीचा शिक्का असावा लागतो आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. शिक्का जुना असेल किंवा काटा चुकत असेल तर त्या काट्यावर माल देऊ नका. व्यापारी ऐकत नसेल तर भांडत बसण्यापेक्षा जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात तक्रार द्या.

एक गोष्ट लक्षात असू द्या. वजन कमी लिहिलं गेलं की खाद्याचा हिशोबही बिघडलेला दिसतो. एक किलो वजनामागे किती किलो खाद्य लागलं याला आपण एफसीआर म्हणतो. या बॅचला २०७ बॅगा म्हणजे १०,३५० किलो खाद्य लागलं. त्याला ६,१९२ ने भागलं तर १.६७ येतो, पण खरं वजन ६,३१२ धरलं तर १.६४. शेतकरी मात्र खाद्य खराब आहे म्हणून दुकान बदलायला निघाला होता.

## चौथी: मरतूक, पण दिवसावार

"पाच टक्के मर झाली" या वाक्यातून पैशाचं काहीच कळत नाही. कोणत्या दिवशी झाली ते विचारा. तिसऱ्या दिवशी मेलेल्या पिल्लाने चाळीस रुपये आणि थोडंसं खाद्य नेलं. पस्तिसाव्या दिवशी मेलेल्या पक्ष्याने तेच चाळीस रुपये आणि साधारण तीन किलो खाद्य नेलं, म्हणजे १६० रुपयांच्या वर. एकच पक्षी, पण किंमत जवळजवळ चौपट.

या बॅचच्या मेलेल्या १५० पक्ष्यांची वहीवरून विभागणी केली. पहिल्या आठवड्यात ६०, मधल्या काळात २५, शेवटच्या दहा दिवसांत ६५. पैशात मांडलं तर पहिल्या साठांचे सुमारे २,६०० रुपये, मधल्या पंचविसांचे २,०००, आणि शेवटच्या पासष्टांचे १०,३००. एकूण साधारण १५,०००, आणि त्यातले दोन-तृतीयांशापेक्षा जास्त शेवटच्या दहा दिवसांत. हा नुसता घातलेला खर्च आहे, विकून काय आलं असतं ते धरलेलंच नाही.

म्हणून शेडच्या दाराला एक कार्ड लावा. रोज तीनच गोष्टी लिहा: मेले किती, बॅगा किती टाकल्या, दुपारी शेडमधलं तापमान किती. बॅच संपल्यावर कार्ड स्वतःच बोलतं.

पहिल्या आठवड्यात मर जास्त असेल तर पिल्लं किंवा ब्रूडिंग बघायचं. पिल्लं ब्रूडरखाली एकमेकांवर चढून गोळा होत असतील तर ऊब कमी आहे. चिकगार्डच्या कडेला पळून चोच उघडी टाकत असतील तर जास्त आहे. सगळीकडे सारखी पसरलेली असतील तर बरोबर. सातव्या दिवशी ५० पिल्लं वेगवेगळ्या कोपऱ्यांतून धरून तोला. पहिल्या दिवशीच्या वजनाच्या चौपट तरी भरली पाहिजेत. तेवढी भरली नाहीत तर पुढे कितीही चांगलं खाद्य घातलं तरी ती तूट पूर्ण भरून निघत नाही, आणि विक्रीच्या वेळी शेडमध्ये लहान-मोठे पक्षी दिसतात.

मधल्या काळात मर अचानक वाढली, विष्ठा रक्ताळ दिसली किंवा पिसं फुलवून पक्षी बसून राहिले, तर तो आजाराचा भाग आहे. त्यासाठी लेखाच्या शेवटच्या, डॉक्टरांना बोलवायच्या भागाकडे जा.

शेवटच्या दहा दिवसांतली मर एप्रिल-मे मध्ये बहुतेक वेळा उष्णतेची असते. दुपारी दोन ते पाचमध्ये, मोठे, चांगले वाढलेले पक्षीच आधी जातात. कार्डावर दुपारचं तापमान आणि मर शेजारी असेल तर हे लगेच दिसतं. या शेडमध्येही तसंच होतं: ज्या दिवशी शेडमध्ये ३९ च्या वर गेलं त्या दिवशी मर जास्त. उपाय महागडे नाहीत. सकाळी दहाच्या सुमारास फीडर वर उचलायचे आणि ऊन उतरल्यावर खाली घ्यायचे, कारण पचनात अंगात उष्णता तयार होते. छपरावर पाणी आणि पाचट, पाण्याची टाकी सावलीत, पंखे पक्ष्यांच्या उंचीवर. आणि उन्हाळ्यात शेडमध्ये पक्षीच कमी टाका. एरवी पक्ष्याला एक चौरस फूट देत असाल तर उन्हाळ्याला सव्वा द्या.

## पाचवी: खाद्य पोटात जातं की तुसात

फीडरखालचं तूस हाताने बाजूला करा. वरचा कोरडा थर काढला की खाली दमट, घट्ट झालेली पोळी लागते. तिच्यात पिवळसर खाद्याचे दाणे आणि भुगा दिसला, तर तुम्ही तिथे रोज पैसे टाकत आहात. चार-पाच फीडरखाली बघा, एकावरून ठरवू नका.

फीडरची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला हवी. खाली असेल तर पक्षी चोचीने उडवतो. पक्षी रोज वाढतो, त्यामुळे एकदा बांधून चालत नाही, दर तीन-चार दिवसांनी दोरी वर घ्यावी लागते. ताट एक-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. रात्री उंदीर बघा, तेही बॅगा फोडतात आणि रोग आणतात ते वेगळंच.

हे इतकं बारकाईने का सांगतोय, तर या बॅचमध्ये एफसीआर फक्त ०.०५ ने सुधारला असता, तर सव्वासहा बॅगा वाचल्या असत्या, म्हणजे १२,७०० रुपये. औषधाचा जवळजवळ सगळा खर्च यातून निघतो.

औषधाचं इथेच सांगतो. एकूण खर्चात खाद्य सुमारे ७२ टक्के, पिल्लं २० टक्के, औषध आणि लस अडीच टक्के. पैसे कमी पडले की लोक आधी अडीच टक्क्यांवर कात्री चालवतात, राणीखेत किंवा गंबोरोची लस टाळतात. त्यातून वाचतात दोन-तीन हजार आणि धोक्यात येते सहा लाखांची बॅच. कात्री लावायचीच असेल तर टॉनिकच्या बाटल्यांना लावा. प्रत्येक बिलासमोर लिहा: कशासाठी, कोणाच्या सांगण्यावरून. दुकानदाराने दिलं म्हणून घेतलेलं ओळीने दिसेल.

## सहावी: रेटसाठी थांबलात का

ही तपासणी पैशाला फुकट आहे, पण मनाला अवघड जाते म्हणून इतकी खाली ठेवली. पक्षी दोन किलोच्या पुढे गेला की तो खातो बरंच आणि वाढतो कमी. त्यामुळे "अजून दोन दिवस थांबू, रेट वाढेल" हे प्रत्येक वेळी हिशोब करून ठरवायला हवं.

गारव्यात असा पक्षी दिवसाला साधारण १८० ग्रॅम खातो आणि ८५ ग्रॅम वाढतो. खाद्याचे ७ रुपये ३८ पैसे, वाढलेल्या वजनाचे ९८ च्या रेटने ८ रुपये ३३ पैसे. उरले ९५ पैसे. २,८८० पक्ष्यांचे दिवसाला २,७०० रुपये, पण त्या दिवशी १३ पक्षी मेले तर तेवढे सगळे गेले. उन्हाळ्यात तेवढंही राहत नाही. पक्षी १५० ग्रॅम खातो आणि ६० ग्रॅम वाढतो, म्हणजे ६ रुपये १५ पैसे घालून ५ रुपये ८८ पैसे मिळतात.

आमच्या या बॅचचे पक्षी ३९ व्या दिवशी तयार होते. व्यापारी ९७ देत होता. चार दिवस थांबून ९८ मिळाले. एक रुपया वाढला, म्हणजे ६,१९२ जास्त आले. पण त्या चार दिवसांत खाद्य आणि वाढ यांच्या फरकात सुमारे ३,१०० गेले आणि ३१ पक्षी मेले, त्यांचे विक्रीच्या दराने ६,२०० च्या आसपास. थांबून उलट साधारण ३,१०० रुपये गमावले, आणि चार दिवसांची मजुरी, शिवाय शेड चार दिवस उशिरा रिकामं झालं.

तुमच्या शेडचे आकडे कसे काढायचे? रोज किती बॅगा जातात ते कार्डावर आहेच, त्याला पक्ष्यांनी भागा. वाढ बघायला दोन दिवसांच्या अंतराने, एकाच वेळी, वेगवेगळ्या जागांवरचे ५०-६० पक्षी तोला. त्याआधी तुमचा पडता भाव काढून ठेवा: आतापर्यंतचा सगळा खर्च भागिले विकता येईल तेवढे किलो. या बॅचचा पडता भाव खऱ्या बॅगा धरून ९४ रुपये ७० पैसे येतो. हा आकडा हातात असला की व्यापाऱ्याशी बोलताना नुसत्या अंदाजावर बोलावं लागत नाही.

श्रावणात मागणी पडते हे सगळ्यांना माहीत असतं, तरी आषाढाच्या सुरुवातीला पिल्लं टाकली जातात आणि पक्षी नेमके मंदीत तयार होतात. पिल्लं टाकायची तारीख ठरवताना ४० दिवस पुढे मोजून कॅलेंडर बघा.

## सातवी: खाद्य, पाणी आणि मग पिल्लांची जात

वरच्या सगळ्या तपासण्या ठीक निघाल्या, नासाडी नाही, काटा बरोबर, मर कमी, तरी ओळीने दोन-तीन बॅचना एफसीआर वाईट येत असेल, तरच इकडे वळा. इथे पैसे आणि वेळ दोन्ही लागतात.

पावसाळ्यात मक्यात ओल राहिली की बुरशी आणि तिचं विष तयार होतं. पक्षी मरत नाहीत, पण वाढ खुंटते, लसीचा परिणाम कमी होतो. बॅगेत हात घालून वास घ्या, गाठी झाल्यात का बघा. पण वासाने सगळं कळत नाही. वेगवेगळ्या बॅगांतून नमुना घेऊन प्रयोगशाळेत अफ्लाटॉक्सिनची तपासणी करावी लागते. नमुना घेताना बॅगेवरचा लॉट नंबर आणि तारीख लिहून ठेवा. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याची जंतूंसाठी आणि क्षारांसाठी तपासणी उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात करून घ्या. पक्षी खाद्याच्या जवळपास दुप्पट पाणी पितो, त्यामुळे पाणी खराब असेल तर औषध कितीही द्या, आजार पुन्हा येतो.

हॅचरी किंवा पिल्लांची जात बदलणं सगळ्यात शेवटी. आणि बदलाल तेव्हा फक्त तेवढंच बदला, त्याच बॅचला खाद्यही बदललं तर काय कशामुळे झालं ते कधीच कळणार नाही.

## इथे हिशोब थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा

वहीने सगळं सुटत नाही. खालीलपैकी काही दिसलं तर तपासण्या बाजूला ठेवा, दुकानदाराला विचारून औषध आणू नका, थेट पशुवैद्यकांना बोलवा:

- एका दिवसात शेडमधले एक टक्का पक्षी मेले, म्हणजे ३,००० च्या शेडमध्ये ३०, किंवा मर रोज दुप्पट होतेय.
- माना वाकड्या होतायत, पाय लुळे पडतायत, विष्ठा हिरवी होतेय.
- तुरा आणि चेहरा सुजलाय, निळा पडलाय.
- पक्ष्यांनी एकाएकी खाद्य आणि पाणी सोडलं.

बर्ड फ्लूची शंका आली तर शासनाला कळवणं ही कायद्याने तुमची जबाबदारी आहे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लू आढळल्यावर काय झालं ते अनेकांनी पाहिलंय. अशा वेळी मेलेला पक्षी हातात घेऊन तपासू नका, आजारी पक्षी स्वस्तात विकू नका, ओढ्यात टाकू नका, शेडमध्ये बाहेरचा माणूस किंवा गाडी येऊ देऊ नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. डॉक्टर सांगतील तसे नमुने पुण्याच्या औंधमधल्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात.

बाकीच्या आजारांत शवविच्छेदनाला नुकतेच मेलेले दोन-तीन पक्षी द्या. सकाळचा मेलेला दुपारपर्यंत उन्हात पडला तर त्यातून काही कळत नाही. पक्ष्यांसोबत दारावरचं कार्ड, लसीच्या तारखा, दिलेल्या औषधांची नावं आणि सध्याच्या खाद्याचा अर्धा किलो नमुना न्या. डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं तर ते किती दिवस द्यायचं आणि शेवटच्या डोसनंतर किती दिवसांनी पक्षी विकता येतील हे दोन्ही विचारून कार्डावर लिहा, आणि विक्रीची तारीख त्यानंतरचीच धरा. कोलिस्टिन असलेलं काही कोणी दिलं तर परत करा. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्यावर २०१९ पासून देशात बंदी आहे.